फ्रिजमधली ती उरलेली बाटली देऊ नका, आणि का ते नीट सांगते

*मॅडम नमस्कार, मी मंगळवार पेठ, कोल्हापूरमधून लिहितेय. मुलगा ६ वर्षांचा आहे, तीन दिवस झाले सर्दी, खोकला, ताप. डॉक्टरांनी फक्त तापाचं औषध आणि नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब दिलेत, म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिक लागणार नाही. शेजारच्या पोराला दुसऱ्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं तर तो दोन दिवसात शाळेला गेला. आज आमच्याचा शेंबूड पिवळा-हिरवा झालाय. सासूबाई म्हणतात मागच्या वर्षीची अर्धी बाटली फ्रिजमध्ये आहे ती देऊन टाक. व्हायरल म्हणजे पण जंतूच ना? मग जंतूचं औषध त्याला का चालत नाही? – एक आई*

ताई, आधी त्या बाटलीचं बोलते कारण ते आजचं काम आहे. पोरांचं अँटिबायोटिक सिरप बाटलीत पावडर म्हणून येतं आणि आपण त्यात पाणी घालून हलवतो, बरोबर? एकदा पाणी पडलं की त्याची मुदत सुरू झाली, ती साधारण आठवड्याभराची असते आणि तीही फ्रिजमध्ये ठेवलं तर. त्यात अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असेल तर ते पाण्यात अजून लवकर मोडतं. बाटलीवर छापलेली एक्सपायरी कोरड्या पावडरची असते, पाणी घातलेल्याची नाही, हे बऱ्याच घरात माहीतच नसतं. म्हणजे मागच्या वर्षीच्या त्या बाटलीत आता औषध म्हणावं असं काही उरलेलं नाही, ती टाकून द्या. आणि उद्या कुणी नवीन सीलबंद बाटली आणून हातात दिली तरी पण या सर्दीला ती देऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. तो लई चांगला प्रश्न आहे, कारण घोळ आपल्या शब्दातच आहे. आपण घरात दोघांनाही जंतू म्हणतो, आणि पुस्तकात गेलं तर जिवाणू आणि विषाणू, कानाला सारखेच, म्हणजे जणू एकाच घरातले दोन भाऊ. प्रत्यक्षात त्यांचं एकमेकांशी काही नातं सांगावं असं नाही. मी हे पुस्तकातून सांगत नाही, कोल्हापुरातच एका छोट्या लॅबमध्ये बावीस वर्षं स्वॅब लावायचं काम केलंय, म्हणून तिथलाच एक दिवस सांगते.

पावसाळ्यातली गोष्ट, झड लागलेली, आणि एकाच सकाळी घशाचे दोन स्वॅब आले. एक आठ वर्षांच्या मुलीचा, दुसरा तुमच्या पोराएवढ्याच मुलाचा. दोघांना ताप, दोघांचा घसा लालभडक. आम्ही काय करतो तर काचेच्या चपट्या डिशमध्ये जेलीसारखं खाद्य असतं, त्यात मेंढीचं रक्त मिसळलेलं, म्हणून त्याला ब्लड अगार म्हणतात, दिसायला गडद लाल. त्याच्यावर स्वॅब फिरवायचा आणि ३७ डिग्रीला, म्हणजे अंगाच्या उबेत, रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे बारीक ठिपके उठले होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग जाऊन काचेसारखं स्वच्छ कडं पडलेलं, कारण तो जिवाणू रक्तपेशी फोडतो. हा स्ट्रेप, घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस. मुलाच्या प्लेटवर घशात नेहमी राहणारे साधे जिवाणू होते, पण आजाराचं कारण म्हणावं असं काहीच नाही. दोन दिवस ठेवली तरी नाही. त्याच्या घशात व्हायरस असणार, पण व्हायरस त्या प्लेटवर कधीच उगवत नाही, महिनाभर ठेवा नाहीतर वर्षभर ठेवा.

का उगवत नाही ह्यातच सगळं उत्तर आहे बघा. जिवाणू ही एक पूर्ण पेशी आहे. तिला स्वतःचं तोंड-पोट नसलं तरी स्वतःचा स्वयंपाक आहे, बाहेरून साखर-प्रथिनं आत घेते, त्यातून ताकद काढते, स्वतःचे भाग स्वतः बनवते, मोठी होते आणि मधून चिरून दोन होते. खाद्य आणि ऊब दिली की ती प्लेटवर एकटी वाढते, तिला माणसाची गरज नाही. व्हायरस म्हणजे प्रथिनाची एक डबी आणि आत गुंडाळलेली एक चिठ्ठी, की माझ्यासारखे अजून कसे बनवायचे, काहींच्या वर एक पातळ तेलकट आवरण, संपलं. खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. तुमच्या पोराच्या नाकातल्या जिवंत पेशीत शिरला तरच त्याचं काम सुरू होतं, कारण चिठ्ठी वाचणारी आणि माल बनवणारी सगळी यंत्रं त्या पेशीची, म्हणजे आपली, त्याची स्वतःची नाहीतच.

मापाचा पण फरक केवढा. स्ट्रेपचे साधारण हजार दाणे शेजारी शेजारी मांडले तर एक मिलिमीटर होतो. साध्या सर्दीचा जो सगळ्यात कॉमन व्हायरस, ऱ्हायनोव्हायरस, त्याचे एकट्या स्ट्रेपच्या एका दाण्याच्या रुंदीत तीसेक बसतात.

हा फरक पहिल्यांदा कळला तो माणसाच्या आजारात नाही तर तंबाखूच्या पानावर, आणि आपल्या निपाणी पट्ट्यातल्या लोकांना हे वाचून बरं वाटेल. तंबाखूच्या पानावर फिकट-गडद ठिपके पडून पीक खराब करणारा एक रोग होता. १८९२ मध्ये रशियातल्या इव्हानोव्हस्कीनं रोगट पानांचा रस काढून चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला, आपल्याकडे पूर्वी पाण्याच्या फिल्टरमध्ये पांढरी कँडल असायची ना, तसलाच प्रकार. त्याची भोकं इतकी बारीक की जिवाणू अडकतातच. तरी गाळलेला रस चांगल्या पानाला लावला की रोग व्हायचाच. मग १८९८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकनं तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्याच्या लक्षात आलं की ही चीज नुसत्या खाद्यावर वाढत नाही, जिवंत झाडातच वाढते. त्यानं तिच्यासाठी व्हायरस हा शब्द वापरला. माझी ती मुलाची प्लेट म्हणजे एका अर्थानं बायेरिंकचाच प्रयोग होता.

आता औषध. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घरातलं, आणि पेनिसिलिन जिवाणूला विष घालून मारत नाही. ते कसं मारतं हे कळलं की व्हायरसवर का चालत नाही हे वेगळं सांगायलाच लागत नाही.

सायकलचं चाक डोळ्यासमोर आणा. आत ट्यूब, बाहेर टायर. ट्यूबमध्ये हवेचा दाब असतो पण ती फुटत नाही कारण टायरनं तिला आवळून धरलेलं असतं, टायर एका जागी फाटला की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि फट्ट. जिवाणूचं अगदी असंच आहे, आत पातळ पडदा, बाहेर जाळीची कडक भिंत, आणि स्ट्रेपसारख्या जिवाणूत आतला दाब गाडीच्या टायरपेक्षाही जास्त. ही भिंत म्हणजे साखरेच्या लांब लांब दोऱ्या आणि त्यांना एकमेकीला आडवे टाके घालून विणलेली जाळी. जिवाणूला वाढायचं असेल तर जुनी जाळी जागोजागी कापून मधे नवीन दोरी घालून परत टाके घालावे लागतात, म्हणजे कापणारे हात वेगळे आणि टाके घालणारे हात वेगळे, दोन्ही सतत चालू. अमॉक्सिसिलिन जाऊन टाके घालणाऱ्या हाताला चिकटून बसतं आणि सोडतच नाही. कापणारे हात मात्र चालूच राहतात. काही वेळात भिंत विरळ होते, आतला पडदा फुग्यासारखा बाहेर येतो आणि जिवाणू फुटतो. म्हणूनच हे औषध वाढत असलेल्या जिवाणूवर जोरात चालतं, झोपून राहिलेल्यावर तेवढं नाही.

आपल्या पेशींना ही भिंत नसतेच, नुसता पडदा असतो, म्हणून एवढं मारक औषध आपण पोराला चमच्यानं पाजू शकतो. आणि व्हायरसला? भिंत नाही, टाके नाहीत, टाके घालणारे हात नाहीत, आत दाब नाही. औषधानं चिकटायचं कशाला? ते पोराच्या रक्तातून सगळीकडे फिरतं, व्हायरसच्या शेजारून जातं आणि लघवीवाटे निघून जातं. डोस वाढवून काही होत नाही, "स्ट्राँग" कंपनीचं घेऊन काही होत नाही. एक गंमत सांगते, मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू आहे, पोरांना न्यूमोनिया करतो, तो जिवाणूच आहे पण त्याला भिंत नसते, तर त्याच्यावरही अमॉक्सिसिलिन चालत नाही. म्हणजे जिवाणू असला तरी औषधाचं निशाण तिथं असायला लागतं.

मेडिकलमध्ये ताप-खोकला म्हटलं की तीन गोळ्यांची अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप पण मिळते, तिचं काय असं विचाराल. तिचं निशाण वेगळं. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं विणणारे बारके माग असतात, रायबोझोम म्हणतात, आणि जिवाणूचे माग आपल्या मागांपेक्षा घडणीनं थोडे वेगळे असतात. अझिथ्रो जिवाणूच्या मागात अडकतं, आपल्या मागात फारसं नाही. व्हायरसकडे माग आहेतच कुठं, तो आपलेच माग वापरतोय. म्हणजे परत तेच.

मग व्हायरसला औषधच नाही का? आहेत, पण अवघड एवढ्यासाठी की तो आपल्याच यंत्रांवर काम करतो, यंत्र बंद करायला गेलं तर आपलंच बंद पडायचं. म्हणून त्या त्या व्हायरसची स्वतःची अशी एखादी बारीक गोष्ट शोधावी लागते. फ्लूच्या व्हायरसकडे एक कात्री असते, पेशीतून बाहेर पडताना शेवटचा धागा कापायला, तर ओसेल्टॅमिव्हिर नावाचं औषध ती कात्री अडकवतं, पण तेही पहिल्या ४८ तासात सुरू केलं तर जास्त उपयोग, आणि ते फक्त फ्लूला. ऱ्हायनोव्हायरसचे तर शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांच्यावर असं औषध अजून नाही, तिथं काम पोराचं अंगच करतं.

आता शेजारचं पोरगं. त्याला काय झालं होतं हे मला माहीत नाही, कदाचित त्याचा कान पिकला असेल किंवा खरंच स्ट्रेप असेल आणि त्याच्या डॉक्टरांनी बरोबरच दिलं असेल. पण साध्या सर्दीतही अँटिबायोटिक लागू पडल्यासारखं वाटतं आणि त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे. सर्दीचा ताप बहुतेक पोरांना पहिले दोन-तीन दिवस असतो, मग आपोआप उतरतो, नाक आठ-दहा दिवस, खोकला कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आपण पहिल्या दिवशी काढा देतो, दुसऱ्या दिवशी वाट बघतो, तिसऱ्या दिवशी घाबरून अँटिबायोटिक सुरू करतो आणि चौथ्या दिवशी ताप उतरतो. तो न देताही उतरणार होता, पण नाव बाटलीचं होतं. आणि मग घरात "ह्याला तेच औषध लागू पडतं" असं कायमचं बसतं. सासूबाईंना मी दोष देत नाही हां, त्यांनी डोळ्यानं बघितलंय ते, फक्त जे बघितलं त्याचं कारण वेगळं होतं.

शेंबडाच्या रंगाचं पण तसंच. पिवळा-हिरवा म्हणजे इन्फेक्शन वाढलं असं सगळे समजतात. तो हिरवा रंग जंतूचा नाही, आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे, त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवं प्रथिन असतं, लढायला ढिगानं आल्या आणि मेल्या की शेंबूड हिरवा दिसतो. व्हायरसच्या सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे बऱ्याचदा होतं, ती नेहमीची चाल आहे.

मग अँटिबायोटिक खरंच कधी लागतं? माझ्या त्या पहिल्या प्लेटकडे परत या, त्या मुलीच्या. तिला खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं. अचानक ताप, गिळताना डोळ्यात पाणी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली गाठी सुजलेल्या आणि दाबलं की दुखणाऱ्या, वय ५ ते १५ मधलं. हे चित्र स्ट्रेपचं. तुमच्या पोराला खोकला आहे, नाक गळतंय, म्हणजे चित्र उलट आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी याच्यावरूनच ठरवलं असणार. स्ट्रेपला मात्र औषध द्यायलाच लागतं, कारण नुसता घसा नाही, उपचार न केलेल्या स्ट्रेपनंतर काही पोरांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात, आपल्या देशात हे अजून होतंय. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर ते टळतं, म्हणजे रिपोर्टसाठी एक दिवस थांबायला वेळ असतो. त्या मुलीला अमॉक्सिसिलिन १० दिवसांचं होतं, ताप दुसऱ्याच दिवशी उतरला तरी आईनं पूर्ण दहा दिवस दिलं. आणि बरं का, पेनिसिलिनला दाद न देणारा हा स्ट्रेप इतक्या वर्षांत पेशंटमध्ये सापडलेला नाही, अझिथ्रोला दाद न देणारे मात्र आहेत, म्हणून स्ट्रेपला साधं जुनं अमॉक्सिसिलिनच भारी.

तुम्ही म्हणाल मग सगळ्याच पोरांचा स्वॅब का करत नाहीत. कारण शाळेतल्या दहातल्या एखाद्या धडधाकट पोराच्या घशातही स्ट्रेप नुसता बसलेला असतो, काही त्रास न देता. अशा पोराला साधी सर्दी झाली आणि स्वॅब केला तर प्लेट पॉझिटिव्ह येणार आणि सर्दीला विनाकारण औषध चालू होणार. म्हणून आधी लक्षणं बघायची, मग स्वॅब.

आता "दिलं तर बिघडतंय काय" याचं उत्तर, तेही प्लेटवरच बघितलेलं. लघवीतून येणारा ई. कोलाय प्लेटवर पसरायचा आणि त्यावर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती मोकळं गोल रिंगण पडतं, जिवाणू तिथं उगवत नाही. मी काम सुरू केलं तेव्हा अमॉक्सिसिलिनच्या घरातल्या चकत्यांभोवती रिंगणं दिसायची, नंतर नंतर जिवाणू अगदी चकतीच्या कडेला येऊन टेकलेला दिसायला लागला, एकामागून एक प्लेट तशी, आणि मला ते बघून पोटात कालवायचं कारण प्रत्येक प्लेटमागे एक पेशंट आहे. हे कसं होतं तर पोराच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू सुखानं राहतात. सर्दीला दिलेलं अमॉक्सिसिलिन व्हायरसला काही करत नाही पण या गरीब जिवाणूंना फोडतं, म्हणून जुलाब लागतात, आणि मागे उरतात ते, ज्यांच्याकडे हे औषधच कापून टाकणारं एन्झाइम असतं. मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात, आणि वर ती युक्ती लिहिलेला डीएनएचा एक छोटा गोल तुकडा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देतात. पुढे कधी खरंच लघवीचं इन्फेक्शन झालं की गोळी चालत नाही आणि सलाईनमधून भारीतलं औषध द्यावं लागतं.

तर सध्या घरी काय करायचं. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनावरून सांगितलंय तेवढंच, नाकात ते मिठाचे थेंब, पाणी-ताक-पेज जे पिईल ते थोडं थोडं. रात्री झोपताना चमचाभर मध दिला तर खोकला जरा कमी होतो, तो ६ वर्षांचा आहे म्हणून चालेल, वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नको.

आणि लक्ष ठेवायचं ते शेंबडाच्या रंगावर नाही, श्वासावर. पोरगं झोपलेलं असताना, ताप उतरलेला असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. या वयात तिसाच्या आत असेल तर ठीक, त्याहून भरभर चालत असेल, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, पाणी पिईना, नुसतं पडून राहतंय असं असेल तर रात्र असली तरी थांबू नका. उद्या-परवापर्यंत ताप उतरला नाही तर परत त्याच डॉक्टरांकडे दाखवा. पावसाळा आहे, आपल्याकडे डेंग्यू असतो, त्यामुळे ताप उतरता उतरता पोट दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं किंवा कुठून रक्त असं काही दिसलं तर तेव्हाही लगेच. डेंग्यूची शंका असेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरं तापाचं औषध स्वतःहून देऊ नका.

आणखी एक गोष्ट, ताप दोन दिवस पूर्ण गेला, पोरगं खेळायला लागलं आणि मग परत जोरात ताप आला, कान दुखतोय किंवा खोकला वाढला, तर व्हायरसनं खराब केलेल्या जागेत मागून जिवाणू शिरलेला असू शकतो, तिथं मात्र अँटिबायोटिकचं काम खरंच असू शकतं. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं हेच सांगा की घरात आम्ही कुठलंही अँटिबायोटिक दिलेलं नाही. एक-दोन डोस जरी आधी पोटात गेले असले ना, तरी जिवाणू असूनही प्लेट कोरी येऊ शकते, आणि मग खरा आजार काय आहे ते आम्हाला लॅबमध्ये दिसतच नाही.